मर्चंडायझरच्या प्रोफाइलमधले चार आकडे

काचीगुडा स्टेशनच्या अलीकडे-पलीकडे, बरकतपुरा आणि सुलतान बाजार या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. १९९५ साली हैदराबादेत निफ्ट सुरू झाली आणि इथल्या मुलामुलींना कपड्यांच्या निर्यातीत नोकरी करण्याची एक नवी वाट दिसली. त्यातल्या काहींनी डिझाइन धरले, बरेचजण मर्चंडायझर झाले. मात्र हैदराबाद हे निर्यातीच्या कपड्यांचे मोठे केंद्र नव्हे. शहराच्या उत्तरेला मेडचलच्या बाजूस गुंडलापोचमपल्लीचे अपॅरल पार्क आहे, वारंगळजवळ काकतीय टेक्स्टाइल पार्क उभे राहिले आहे. पण या धंद्याची खरी गर्दी तिरुपूर, बंगळुरू आणि गुरुग्रामला आहे. तिरुपूरच्या पोराची ख्याती त्याच्या आधी शेजारच्या कारखान्यात पोचलेली असते. बरकतपुऱ्यातल्या उमेदवाराला अनोळखी मालकापुढे दोन पानी प्रोफाइलच्याच भरवशावर उभे राहावे लागते.

या दोन पानांत चार गोष्टी हमखास असतात: कोणते बायर हाताळले, वर्षाला किती माल काढला, किती दिवसांत काढला आणि दर्जाचा निकाल काय लागला. चारही आकड्यांत मांडता येतात, म्हणून पक्क्या वाटतात. पण प्रत्येक आकडा कुठून मोजायला सुरुवात केली आणि कशाने भागला, हे सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नसतो. अशी प्रोफाइले वाचणाऱ्याला हे लवकर कळते. लिहिणाऱ्यांना बहुधा कोणी सांगतच नाही.

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून एक ऑर्डर घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातले टप्पे आणि दिवस रोजच्या व्यवहारातले आहेत. ब्रिटनमधल्या एका बायरची स्त्रियांच्या सुती टॉपची ऑर्डर, दोन रंग, ९,६०० पीस. पीओ हातात आल्यापासून नव्वदाव्या दिवशी माल कारखान्याबाहेर पडायचा. मर्चंडायझर पहिल्याच दिवशी टाइम अँड अ‍ॅक्शन कॅलेंडर बनवते, म्हणजे कोणत्या दिवशी काय हातात असले पाहिजे याचा तक्ता. या ऑर्डरचा तक्ता असा: आठव्या दिवशी लॅब डिप बायरकडे, पंधराव्या दिवशी त्याची मंजुरी, बावन्नाव्या दिवशी रंगवलेले कापड गोदामात, छप्पन्नाव्या दिवशी कटिंग, साठाव्या दिवशी शिलाई सुरू, चौऱ्याऐंशीव्या दिवशी फायनल इन्स्पेक्शन.

लॅब डिप म्हणजे बायरने दिलेल्या रंगाशी जुळवून रंगवलेला कापडाचा छोटा तुकडा. तो मंजूर झाल्याशिवाय डाइंगवाला मोठ्या लॉटला हात लावत नाही. आपल्या ऑर्डरमधल्या निळ्या रंगाचा तुकडा दिवसाच्या प्रकाशासारख्या डी ६५ दिव्याखाली तंतोतंत जुळत होता. बायर मात्र तो टीएल ८४ खालीही पाहतो, कारण त्याच्या दुकानांत तसला दिवा असतो. त्या प्रकाशात तुकडा लालसर दिसला. वेगवेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणातून एकच छटा साधली की असे होते. एका दिव्याखाली जुळणारे दोन तुकडे दुसऱ्याखाली वेगळे पडतात. पंधराव्या दिवशी मंजुरीऐवजी नकार आला. नवा तुकडा बनवून पाठवला, तो बाविसाव्या दिवशी मंजूर झाला. सात दिवस गेले. लाइट बॉक्समध्ये दोन्ही दिव्यांखाली पाहायला पाच मिनिटे पुरली असती. एकच तुकडा न पाठवता जवळच्या दोन-तीन छटा एकदम पाठवायची पद्धतही याच कारणाने पडली आहे.

ते सात दिवस पुढे सरकत गेले. कापड एकोणसाठाव्या दिवशी आले, शिलाई सदुसष्टाव्या दिवशी सुरू झाली. दोन लाइनींवर रोज चारशे-चारशे पीस धरले होते, म्हणजे शिलाईला बारा कामाचे दिवस. तेवढे आता उरले नव्हते. प्रॉडक्शन मॅनेजरने तिसरी लाइन जोडली आणि शिलाई आठ कामाच्या दिवसांत उरकली. कागदावर बराच वेळ भरून निघाला. पण तिसऱ्या लाइनने ही स्टाइल आधी शिवलेली नव्हती. पहिल्या दोन लाइनींना पायलट रनमध्ये समजलेल्या गोष्टी, कॉलरच्या टोकाला किती शिलाई आत घ्यायची, प्लॅकेट कुठे खेचले जाते, या तिला चालू मालावर शिकाव्या लागल्या. शहाऐंशीव्या दिवशी फायनल झाले आणि माल नापास झाला.

दर्जाच्या आकड्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून इन्स्पेक्टरने काय मोजले ते पाहू. सगळे ९,६०० पीस कोणी तपासत नाही. एक्यूएलच्या तक्त्यानुसार ३,२०१ ते १०,००० पीसच्या लॉटमधून नेहमीच्या पातळीवर २०० पीस काढतात. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल २.५ ठरलेला असेल तर त्या २०० मध्ये १० सापडेपर्यंत लॉट पास आणि ११ सापडले की नापास. आपल्या लॉटमध्ये १२ सापडले, बहुतेक तिसऱ्या लाइनचे: सुटलेले टाके, एका बाजूला झुकलेली कॉलर.

एक्यूएल २.५ म्हणजे अडीच टक्क्यांपेक्षा जास्त दोषी माल जातच नाही, असे अनुभवी लोकही बोलून जातात. तसे नाही. २०० मध्ये १० म्हणजे पाच टक्के, आणि तो लॉट पास असतो. गणित केले तर खरोखर पाच टक्के दोषी असलेला लॉट या तपासणीतून शंभरात सुमारे ५८ वेळा पास होतो. चार टक्के दोषी लॉट सुमारे ८२ वेळा जातो, अडीच टक्केवाला जवळजवळ नेहमीच. तेव्हा एका ऑर्डरचा पास किंवा नापास हा निम्मा नशिबाचा भाग असू शकतो. वर्षभराच्या ऑर्डरींचा हिशेब लागला तरच त्यातून काही कळते, आणि तिथेही चाळीसेक ऑर्डरींत एक-दोन इकडेतिकडे झाल्याने कोणी श्रेष्ठ-कनिष्ठ ठरत नाही. ९४ टक्क्यांचा उमेदवार ९१ टक्केवाल्याच्या वर ठेवणारा एचआर अधिकारी स्वतःचीच फसवणूक करत असतो.

पुढे काय झाले? माल पुन्हा उघडला, शंभर टक्के तपासला, दोषी पीस दुरुस्त केले. एक्याण्णवाव्या दिवशी पुन्हा तपासणी झाली आणि तेव्हा पास. त्र्याण्णवाव्या दिवशी माल बाहेर पडला. हा तीन दिवसांचा उशीर हैदराबादेत तीन दिवसांवर थांबत नाही. शहराला बंदर नाही. कंटेनर सनतनगरच्या डेपोतून रेल्वेने किंवा थेट रस्त्याने न्हावाशेव्याला जातो, आणि आठवड्याला एक असलेल्या जहाजाची कटऑफ चुकली की पुढच्या जहाजापर्यंत तिथेच थांबतो. सुदैवाने बायरला नव्या सीझनची घाई नव्हती. त्याने पीओवरची तारीख सात दिवसांनी पुढे करून दिली.

आता हीच ऑर्डर प्रोफाइलमध्ये कशी उतरते पाहा. बायरचे नाव येते. ९,६०० पीस वर्षाच्या बेरजेत मिसळतात. सुधारित तारीख सत्त्याण्णवाव्या दिवसाची आणि माल त्र्याण्णवाव्या दिवशी निघाला, म्हणजे ‘वेळेवर’. शेवटचा निकाल पास, म्हणजे ‘दर्जा १०० टक्के’. यातले एकही विधान खोटे नाही. तरीही एक नाकारलेला लॅब डिप, घाईत जोडलेली लाइन, एक नापास फायनल आणि सात दिवसांची मुदतवाढ त्यात कुठेच दिसत नाही. आमच्याकडे येणारी बहुतेक प्रोफाइले अशीच असतात, आणि म्हणूनच ती वाचून कोणाला नोकरी मिळत नाही. शंभर टक्के पाहिले की मालक पान उलटतो.

वेळेचा आकडा खरा करायचा तर तो मूळ पीओवरच्या तारखेवर मोजावा लागतो आणि घड्याळ कुठे सुरू होते, कुठे थांबते हे लिहावे लागते. पीओ ते एक्स-फॅक्टरी हा एक लीड टाइम. टेक पॅक मिळाल्यापासून बायरच्या गोदामापर्यंत हा दुसरा, आणि तो सहज दुप्पट असतो. कापड आधीच बुक असेल तर ४५ दिवस म्हणजे कौतुकाची गोष्ट नव्हे. सूत विकत घेण्यापासून सुरुवात असेल तर ९० दिवस हे चांगले काम आहे. वर्षही सांगावे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हापासून युरोपला जाणारी बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि वाट साधारण दहा ते पंधरा दिवसांनी लांबली. २०२२ आणि २०२४ चे गोदामापर्यंतचे लीड टाइम शेजारी ठेवून मर्चंडायझरची तुलना करणे म्हणजे समुद्राचा दोष माणसाच्या नावावर लिहिणे.

वेळेवरपणाच्या आड आणखी दोन गोष्टी लपतात. एक म्हणजे शॉर्ट शिपमेंट. ९,६०० ऐवजी ९,२०० पीस तारखेला निघाले आणि ते बायरच्या पाच टक्क्यांच्या सवलतीत बसले, तर कागदोपत्री सगळे ठीक; पण कापड कमी पडले की कटिंगमध्ये वाया गेले, हे विचारायला हवे. दुसरी म्हणजे एअर. तारीख चुकते आहे असे दिसले की माल विमानाने पाठवतात आणि भाडे कारखाना भरतो. स्वस्त टॉपच्या बाबतीत या भाड्यात ऑर्डरचा सगळा नफा जातो, कधी त्याहून जास्तही. म्हणून निर्यातदार मालक वेळेवरपणाच्या टक्केवारीआधी ‘किती एअर झाले?’ हे विचारतो. प्रोफाइलमध्ये तो आकडा आपण होऊन दिलेला मला फार कमी वेळा दिसला आहे, आणि दिसला तेव्हा त्या माणसाला बोलावून घ्यावेसे वाटले.

मालाच्या आकारमानाबद्दल थोडक्यात. ‘वर्षाला १२ लाख पीस’ या आकड्याने दडपून जाऊ नये. साध्या टी-शर्टच्या शिलाईला पाच-सहा मिनिटे लागतात, फॉर्मल शर्टला वीसच्या आसपास, अस्तर लावलेल्या जॅकेटला तासाच्या वर. शिवाय मर्चंडायझरचे काम पीसागणिक वाढतच नाही. ते स्टाइल आणि रंगागणिक वाढते, कारण लॅब डिप, फिट सॅम्पल, ट्रिमची मंजुरी आणि पीपी सॅम्पल हे सगळे प्रत्येक स्टाइल-रंगाला वेगळे. दहा स्टाइलमध्ये १२ लाख टी-शर्ट सांभाळणाऱ्यापेक्षा १४० स्टाइलमध्ये दोन लाख ड्रेस सांभाळणाऱ्याच्या टेबलावर जास्त फायली असतात. लहान मुलांच्या कपड्यांत तर तीनचा पॅक एक धरला की तीन, यानेच आकडा तिपटीने बदलतो. वारंगळच्या पार्कात आलेल्या दोन मोठ्या कंपन्यांपैकी किटेक्स ही बाळांच्या कपड्यांची आणि यंगवन ही बाहेरच्या थंडी-पावसाच्या कपड्यांची. एकाच जिल्ह्यातल्या या दोन कारखान्यांत ‘मोठी ऑर्डर’ म्हणजे काय, याची उत्तरे अगदी वेगळी मिळतील.

राहिली बायरची यादी. ती सगळ्यात वर, ठळक अक्षरांत असते आणि कितपत खरी आहे हे सगळ्यात सोपे तपासता येते. एचअँडएमने २०१३ पासून आपल्या पुरवठादार कारखान्यांची नावे जाहीर करायला सुरुवात केली, पुढे मार्क्स अँड स्पेन्सरसारख्या इतरांनीही केली. उमेदवार ज्या कारखान्यात होता तो त्या यादीत आहे का, हे मालकाला बसल्या जागी पाहता येते. उमेदवार तिथे किती काळ होता हे भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत येते. योगायोगाने त्या निधीचे हैदराबादचे कार्यालय बरकतपुऱ्यातच आहे. पण कारखाना खरा आणि नोकरीही खरी, तरी ‘हाताळला’ या शब्दात काय बसते ते उरतेच. बायरशी थेट बोलणे होते की बाइंग हाउसमार्फत? कॉस्टिंग तिने केले की फक्त सॅम्पलचे पार्सल पाठवले? दोन वर्षे असिस्टंट असलेल्या मुलीने पाच बायर लिहिले असतील, तर त्यातले चार तिच्या वरिष्ठाचे असण्याची शक्यता जास्त. तिने तसे लिहावे. असिस्टंट असणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, आणि मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला ते उघड होतेच.

एक मर्यादा मात्र पाळायची असते. एफओबी भाव, बायरचे टेक पॅक, अजून बाजारात न आलेल्या सीझनची चित्रे प्रोफाइलमध्ये येता कामा नयेत. बहुतेक कारखाने गोपनीयतेच्या करारावर सही घेतात. काही उमेदवार पोर्टफोलिओ म्हणून हेच घेऊन येतात आणि मालक ते आवडीने पाहतोही, पण ‘हा उद्या आमचेही असेच दाखवील’ हे त्याच्या मनात येऊन जाते. बायरचे नाव देणे करारात बसत नसेल तर देश, दुकानाचा स्तर आणि कपड्याचा प्रकार लिहिला तरी पुरते.

मग चांगली नोंद कशी दिसेल? आपल्याच कल्पित मर्चंडायझरचे वर्ष घेऊ. ‘ब्रिटनमधील मध्यम दराचा रिटेलर, स्त्रियांचे वोव्हन टॉप, बाइंग हाउसमार्फत. ४६ स्टाइल, ३.१ लाख पीस, सरासरी ऑर्डर ६,७०० पीस. पीओ ते एक्स-फॅक्टरी ९० ते ११० दिवस. मूळ तारखेला ४६ पैकी ३७. एअर २. बायरच्या इन्स्पेक्टरच्या पहिल्या फायनलला ४६ पैकी ४१ पास. पहिल्याच फेरीत मंजूर झालेले लॅब डिप: १०० पैकी ७१.’ दोन-चार ओळीच झाल्या, पण प्रत्येक आकड्याला खाली छेद आहे आणि तपासणी कोणी केली हेही लिहिले आहे. हे शेवटचे महत्त्वाचे, कारण काही बायर आपल्या भरवशाच्या कारखान्यांना स्वतःच फायनल करू देतात, आणि स्वतः केलेल्या तपासणीतले १०० टक्के बाहेरच्या इन्स्पेक्टरच्या ८९ टक्क्यांशेजारी ठेवता येत नाहीत.

त्या नोंदीतला लॅब डिपचा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. फायनलचा निकाल शिवणाऱ्यांचा, लाइन सुपरवायझरचा, क्वालिटी विभागाचा. त्यात मर्चंडायझरचा वाटा असतो, पण तो वेगळा काढता येत नाही. बायरकडे काय आणि कधी पाठवायचे, पाठवण्याआधी ते कोणत्या दिव्याखाली पाहायचे, हा निर्णय तिचा एकटीचा असतो. पीपी सॅम्पल किती फेऱ्यांत मंजूर झाले, हाही तसाच आकडा. हे आकडे कारखाना क्वचितच ठेवतो. ते हवे असतील तर मर्चंडायझरने स्वतःच्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून दोन तारखा लिहायच्या, ठरलेली आणि झालेली, आणि नोकरी सोडताना तक्ता नव्हे तर त्याची बेरीज बरोबर न्यायची.

तिरुपूर-बंगळुरूचे जुने निर्यातदार प्रोफाइल बाजूला ठेवून साधारण एकच गोष्ट विचारतात: उशीर झालेली एक ऑर्डर सांगा, आणि उशीर होणार हे तुम्हाला कोणत्या दिवशी कळले ते सांगा. आपल्या ऑर्डरला ‘शहाऐंशीव्या दिवशी, फायनल नापास झाले तेव्हा’ असे उत्तर देणारा मर्चंडायझर क्वालिटीवर खापर फोडून मोकळा होतो. सदुसष्टावा दिवस सांगणाऱ्याने निदान तिसरी लाइन जोडताना धोका पाहिला होता. पंधरावा दिवस सांगणारी नकाराचा मेल आल्याच्या दिवशीच कॅलेंडर पुन्हा लिहिते, प्रॉडक्शनला तिसऱ्या लाइनची सूचना सात आठवडे आधी देते, त्या लाइनवरही पायलट चालवायला लावते आणि बायरला तारखेबद्दल तेव्हाच कळवते, जेव्हा त्याच्याकडेही जहाज बदलायला वेळ असतो.